तीन प्रयोगशाळा, पण नळी एकच: प्लेटलेटच्या न पटणाऱ्या आकड्याविषयी

वाचकाचे पत्र

माझे वय ४१ वर्षे आहे. पित्ताशयातील खड्यांसाठी शस्त्रक्रिया ठरली होती. त्याआधीच्या तपासणीत प्लेटलेट ३८,००० निघाल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या प्रयोगशाळेत त्या ४१,००० आल्या. तेथे रक्त काढताना शीर सापडत नव्हती, पोटॅशियम ६.३ आले आणि अहवालावर ‘नमुना हिमोलाइज्ड’ असा शेरा होता. तिसऱ्या ठिकाणी पोटॅशियम ४.२ आले, पण प्लेटलेट २९,०००. मला कोठूनही रक्तस्राव होत नाही, अंगावर डाग नाहीत. शस्त्रक्रिया पुढे ढकलली आहे आणि स्टेरॉइड सुरू करण्याविषयी, अस्थिमज्जेच्या तपासणीविषयी बोलणे चालू आहे. हिमोलिसिसमुळे प्लेटलेटही चुकल्या असतील का? की तीन अहवाल जुळतात म्हणजे आजार खराच आहे? मी कोणत्या प्रयोगशाळेवर विश्वास ठेवू?

उत्तर

तुम्ही पाठवलेले तिन्ही अहवाल मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात. आकडा चुकला असेल तर चूक एखाद्या प्रयोगशाळेची असणार आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे जुळले की चुकीची शक्यता संपली, असे तुम्ही धरून चालला आहात. हे गृहीत स्वाभाविक आहे आणि बहुतेक तपासण्यांच्या बाबतीत ते चालूनही जाते. पण तुमच्या बाबतीत यंत्रे तीन होती, रक्त काढणारी माणसे तीन होती आणि नळी मात्र तिन्ही ठिकाणी एकाच प्रकारची होती. सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, जगभर जी जांभळ्या झाकणाची नळी वापरतात, तिच्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचे द्रव्य असते. दोष यंत्रात किंवा माणसात असता, तर यंत्र आणि माणूस बदलल्यावर तो जायला हवा होता. तो तुमचे रक्त आणि ईडीटीए यांच्या संयोगातून निर्माण होत असेल, तर तुम्ही आणखी दहा ठिकाणी गेलात तरी तो तसाच दिसत राहील, आणि त्यात कोणत्याही प्रयोगशाळेचे काम वाईट होते असे म्हणता येणार नाही.

हिमोलिसिसचा, म्हणजे नमुन्यातील तांबड्या पेशी फुटण्याचा, मुद्दा आधी बाजूला काढू, कारण तो वेगळा दोष आहे आणि तो मिटलेला आहे. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम साधारण १०० मिलिमोल प्रतिलिटर असते, तर बाहेरच्या द्रवात फक्त ४ च्या आसपास. शीर सापडत नसताना बारीक सुईतून सिरिंजने जोराने रक्त ओढले, किंवा ते सुईतूनच नळीत दाबून सोडले, की काही पेशी फुटतात आणि आतले पोटॅशियम बाहेर येते. थोडा हिशेब केला तर दिसेल की शंभरातल्या तीन-चार पेशी फुटल्या तरी ४.२ चे पोटॅशियम ६.३ पर्यंत जाऊ शकते. तुमच्या त्या अहवालातील कॅल्शियम व्यवस्थित आहे हेही मी पाहिले. जांभळ्या नळीतील द्रव्याचा अंश चुकून दुसऱ्या नळीत गेला, तर पोटॅशियम वाढते पण सोबत कॅल्शियम घसरते. तसे येथे झालेले नाही. रक्त नीट काढल्यावर तिसऱ्या दिवशी पोटॅशियम ४.२ आले, म्हणून तो प्रश्न संपला. (पोटॅशियम ६ च्या वर असेल तर ‘नमुना हिमोलाइज्ड आहे’ एवढ्यावर कोणी निश्चिंत राहू नये. त्याच दिवशी पुन्हा रक्त काढून खात्री करावी, कारण खरे वाढलेले पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांना धोकादायक असते आणि फुटलेल्या नमुन्याआड ते लपू शकते.)

तेवढ्या हिमोलिसिसने प्लेटलेट मात्र कमी दिसत नाहीत. शंभरातल्या तीन-चार तांबड्या पेशी गेल्याने सीबीसीतील कोणताही आकडा डोळ्यांत भरेल इतका हलत नाही. पुष्कळ पेशी फुटल्या तर वेगळेच काही दिसते. हिमोग्लोबिन मोजताना यंत्र स्वतःच सगळ्या पेशी फोडते, त्यामुळे हिमोग्लोबिन तेवढेच राहते, पण अखंड पेशी कमी झाल्याने तांबड्या पेशींची गणती आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा, खाली येतात. हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट यांचे गुणोत्तर असलेला एमसीएचसी मग अशक्य वाटावा इतका, ३६-३७ च्या वर जातो. अशा नमुन्यात तांबड्या पेशींचे बारीक तुकडे आकाराने प्लेटलेटएवढे असल्याने यंत्र त्यांनाही प्लेटलेट म्हणून मोजू शकते. म्हणजे हिमोलिसिसने प्लेटलेटचा आकडा फसलाच, तर तो वर जाण्याकडे फसतो. तुमचा एमसीएचसी तिन्ही वेळा ३३ च्या जवळपास आहे. तेव्हा ३८,००० चे स्पष्टीकरण हिमोलिसिसमध्ये शोधू नये.

या दोन दोषांतला फरक तुमच्या निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हिमोलिसिस बहुधा रक्त काढण्याच्या रीतीतून येतो, म्हणून पुन्हा नीट काढले की तो जातो. ईडीटीएमधील प्लेटलेटचा दोष रक्त कितीही कौशल्याने काढले तरी जात नाही. पहिल्यासाठी ‘पुन्हा तपासा’ हा योग्य सल्ला आहे. दुसऱ्यासाठी तोच सल्ला माणसाला गोल फिरवत ठेवतो.

हा दोष होतो कसा, ते सांगतो. ईडीटीए रक्तातील कॅल्शियम पकडून ठेवते आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. नळीचे काम एवढेच. पण प्लेटलेटच्या पृष्ठभागावर जीपी टू-बी/थ्री-ए नावाचे एक प्रथिन असते, आणि त्याचा आकार टिकून राहायलाही कॅल्शियम लागते. ते काढून घेतले की त्या प्रथिनाचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो. काही थोड्या माणसांच्या, साधारण हजारात एकाच्या, रक्तात नेमक्या या उघड्या पडलेल्या भागाला चिकटणारी प्रतिपिंडे असतात. शरीरात कॅल्शियम असतेच, त्यामुळे तो भाग झाकलेला राहतो आणि या प्रतिपिंडांना करण्यासारखे काही नसते. नळीत मात्र ती प्लेटलेटना एकमेकींना जोडतात आणि दहा-वीस-पन्नास प्लेटलेटचे पुंजके बनतात. मोजणी यंत्र एका ठरावीक आकाराच्या कणांनाच प्लेटलेट मानते. पुंजका त्या मापात बसत नाही, म्हणून त्यातली एकही प्लेटलेट मोजली जात नाही. प्लेटलेट रक्तात आहेत, नळीतही आहेत, फक्त यंत्राच्या हिशेबात नाहीत.

तुमच्या अहवालांत या शक्यतेकडे बोट दाखवणाऱ्या दोन खुणा मला दिसल्या. पहिली वेळेची. अहवालांवर रक्त काढल्याची आणि मोजणीची अशा दोन्ही वेळा छापलेल्या आहेत. ४१,००० चा नमुना तासाभरात मोजला गेला, ३८,००० चा दोन तासांनी, आणि २९,००० चा, जो घरी येऊन नेला होता, तो साडेतीन तासांनी. पुंजके एका क्षणात होत नाहीत. नळी जितकी उभी राहील आणि जितकी थंड होईल तितके ते वाढतात. तीन आकड्यांवरून सिद्ध काही होत नाही, पण उतरण वेळेच्या क्रमाने आहे. दुसरी खूण पांढऱ्या पेशींची. त्याच क्रमाने त्या ११,२००, १२,१०० आणि १३,४०० अशा चढत गेल्या आहेत. मोठे पुंजके आकाराने लहान लिंफोसाइटएवढे होतात आणि यंत्र त्यांना पांढऱ्या पेशी म्हणून मोजते. तुम्हाला ताप नाही, पोटदुखी वाढलेली नाही. तरीही या आकड्यावरून कोणी जंतुसंसर्गाचा विचार केला तर आश्चर्य नाही. म्हणजे एकाच पुंजक्यामुळे एक आकडा खोटा उतरतो आणि दुसरा खोटा चढतो.

तिन्ही अहवालांत स्मीअरविषयी, म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा पातळ लेप करून सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या पाहणीविषयी, एक ओळही नाही. प्लेटलेट एक लाखाच्या खाली पहिल्यांदा आल्या, तर लेप पाहिल्याशिवाय तो आकडा बाहेर जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. यंत्राने पुंजक्यांचा इशारा दिला नाही म्हणून ते नाहीत असे होत नाही, इशारा चुकतोही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाची हकीकत येथे उपयोगी पडेल. पन्नाशीच्या या गृहस्थांच्या प्लेटलेट आधी ज्या रुग्णालयात ते होते तेथे ४५,००० च्या घरात येत होत्या. हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी आकडा वाढावा म्हणून तेथे त्यांना दोनदा प्लेटलेट चढवल्या गेल्या आणि दोन्ही वेळा आकडा हलला नाही. तो हलणारच नव्हता, कारण ही प्रतिपिंडे दात्याच्या प्लेटलेटनाही नळीत तशीच चिकटवतात. आम्ही त्यांना प्रयोगशाळेतच बसवून एका टोचण्यात दोन नळ्या भरल्या: आधी निळ्या झाकणाची, जिच्यात ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असते, आणि मग जांभळी. जांभळ्या नळीतील रक्त तीन मिनिटांच्या आत मोजले तेव्हा प्लेटलेट १,७२,००० होत्या. तीच नळी अर्ध्या तासाने मोजली तेव्हा १,०४,०००, तासाने ६६,००० आणि दोन तासांनी ४३,०००. त्याच वेळात पांढऱ्या पेशी ७,४०० वरून १०,९०० वर गेल्या. निळ्या नळीत दहा मिनिटांनी प्लेटलेट १,६१,००० आल्या. या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेटचे पाणी असते, त्यामुळे आकडा १.१ ने गुणावा लागतो, आणि तसा तो १,७७,००० होतो. दोन तासांनीही निळ्या नळीतील आकड्यात फारसा फरक पडला नव्हता. जांभळ्या नळीतून केलेल्या लेपाच्या शेवटच्या, पिसासारख्या पातळ होत जाणाऱ्या कडेला पुंजकेच पुंजके होते. निळ्या नळीच्या लेपात प्लेटलेट सुट्या होत्या, शंभरपट भिंगाखाली तेल घालून पाहिल्यावर एका क्षेत्रात सरासरी अकरा. एका क्षेत्रातील एक प्लेटलेट म्हणजे साधारण १५,००० ते २०,००० असा आमचा अंदाज असतो, म्हणजे कमीत कमी १,६५,०००. यंत्र आणि डोळा दोघेही एकच सांगत होते. त्यांची शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात झाली आणि रक्तस्रावाचा काही त्रास झाला नाही.

तुमच्यासाठी हीच तपासणी मी सुचवतो. नमुना घरून पाठवू नका. प्रयोगशाळेत स्वतः जा आणि आधी फोन करून पॅथॉलॉजिस्ट हजर असतील ती वेळ घ्या. ‘ईडीटीएमुळे प्लेटलेटचे पुंजके होत असल्याची शंका आहे, एकाच वेळी ईडीटीए आणि सायट्रेट अशा दोन नळ्यांत रक्त घेऊन लगेच मोजावे आणि दोन्हींचे स्मीअर पाहावे’ असे तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. निळी नळी खुणेपर्यंत पूर्ण भरली आहे ना, हे पाहायला सांगायला संकोच करू नका, कारण ती अर्धवट भरली तर नऊला एक हे प्रमाण बिघडते आणि १.१ चा गुणाकार निरर्थक ठरतो. अहवालात १.१ ने गुणलेला आकडा दिला आहे की गुणण्याआधीचा, हेही विचारून घ्या. प्रयोगशाळेने आधीच गुणलेला आकडा डॉक्टरांनी पुन्हा गुणल्याचे मी पाहिले आहे.

बोटाला टोचून थेट काचेवर केलेला लेप या प्रश्नासाठी पुरेसा नाही, हे येथे सांगायला हवे, कारण काही ठिकाणी तोच करून दिला जातो. द्रव्य न मिसळलेल्या ताज्या रक्तात प्लेटलेट आपल्या स्वभावानेच एकत्र येतात. जखम बुजवणे हे त्यांचे कामच आहे. त्या लेपातील पुंजके ईडीटीएविषयी काहीच सांगत नाहीत. जांभळ्या नळीतील रक्ताचाच लेप पाहायला हवा.

पुंजके दिसले तरी ते या प्रतिपिंडांचेच असतील असे लगेच म्हणता येत नाही. रक्त फार हळू आले, किंवा नळी भरल्यावर ती आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट केली नाही, तर ईडीटीए सगळीकडे पोहोचण्याआधीच रक्त थोडे गोठू लागते. मग लेपात प्लेटलेटच्या पुंजक्यांसोबत फायब्रिनचे, म्हणजे गोठणाऱ्या रक्तात तयार होणाऱ्या प्रथिनाचे, धागे दिसतात आणि नळीत काडी फिरवली तर एखादी लहानशी गुठळी हाती लागते. तो दोष रक्त काढण्याचा असतो, म्हणजे हिमोलिसिसच्या जातीचा, आणि पुन्हा नीट काढले की जातो. तुमच्याकडे तीन वेगळ्या हातांनी काढलेल्या रक्तात तेच घडले, म्हणून ही शक्यता मला कमी वाटते. पण पॅथॉलॉजिस्टनी काडी फिरवून पाहावीच.

आता तुमच्या पत्रातील आणखी एका गृहीताविषयी, कारण ते उलट दिशेने फसवू शकते. रक्तस्राव नाही, डाग नाहीत, म्हणून आकडा खोटाच असणार, असे मानू नका. प्लेटलेट खरोखर ३०-४० हजार असलेली पुष्कळ माणसे अगदी निरोगी दिसतात आणि त्यांना कळते ते जखम झाल्यावर किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलावर. तुमच्या भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया थांबवली ते योग्यच केले. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी सहसा किमान ५०,००० प्लेटलेट असाव्या लागतात आणि त्यांच्या हातात दुसरा पुरावा नव्हता. तसेच जुन्या एखाद्या अहवालात प्लेटलेट अडीच लाख होत्या म्हणून आजचा आकडा खोटा, असेही नाही आणि खरा असेही नाही, कारण ही प्रतिपिंडे आयुष्यात कधीही निर्माण होऊ शकतात आणि आजारही.

पुंजके दिसले, तर सायट्रेटचा निकाल तीनपैकी एका प्रकारचा असेल. प्लेटलेट दीड लाखाच्या वर, लेपात सुट्या आणि जांभळ्या नळीत पुंजके, असे निघाले तर स्टेरॉइड आणि अस्थिमज्जेची तपासणी या दोन्ही गोष्टींचे कारणच उरत नाही, आणि पांढऱ्या पेशींचा खरा आकडाही निळ्या नळीतून, १.१ ने गुणून, घ्यावा. निळ्या नळीतही पुंजके झाले, जे काही रुग्णांत होते, तर गोंधळून जाऊ नका. रक्त काढल्यापासून दोन-तीन मिनिटांत केलेली मोजणी, किंवा नळी आधीपासून ३७ अंशांवर ठेवून केलेली मोजणी अनेकदा खरा आकडा देते; काही प्रयोगशाळांकडे मॅग्नेशियम सल्फेट असलेली नळीही असते. तिसरा प्रकार असा की पुंजके दिसले, पण सायट्रेटमध्ये गुणून आलेला आकडाही ७०-८० हजारच आहे. दोन गोष्टी एकत्र असू शकतात, म्हणजे प्लेटलेट खरोखर कमी आणि त्यावर नळीचा दोष. अशा वेळी ‘पुंजके आहेत’ या शेऱ्यावर कोणी समाधान मानू नये. रक्तविकारतज्ज्ञांकडे जावे, पण २९,००० नव्हे तर सायट्रेटमधला आकडा धरून.

कोठेही पुंजके नाहीत आणि लेपातही प्लेटलेट विरळच आहेत, असे निघाले तर आजार खरा मानून पुढची तपासणी करावी लागेल. लेपात प्लेटलेट तांबड्या पेशींएवढ्या मोठ्या दिसतात का, हे मात्र तेव्हाही विचारा, कारण फार मोठ्या प्लेटलेटही यंत्राच्या मापाबाहेर जातात आणि सायट्रेटने त्यांच्यात काही फरक पडत नाही. त्या डोळ्यांनीच मोजाव्या लागतात.

स्टेरॉइड अजून सुरू झालेले नसेल, तर दोन नळ्यांचा निकाल येईपर्यंत थांबता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना नेमके याच शब्दांत विचारा. ही तपासणी एका सकाळीत होते, आणि रक्तस्राव नसताना तेवढे थांबण्यात सहसा अडचण नसते. ते सुरू झालेच असेल, तर आपल्या मनाने बंद करू नका. नाका-हिरड्यांतून रक्त येऊ लागले, अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उठले किंवा शौचाला काळे होऊ लागले, तर मात्र ही सगळी चर्चा बाजूला ठेवून लगेच रुग्णालयात जा.

माझा अंदाज खरा ठरला, तर पॅथॉलॉजिस्टच्या सहीने एक ओळ लिहून घ्या आणि ती फाइलच्या पहिल्या पानावर लावा: ‘ईडीटीएमध्ये प्लेटलेटचे पुंजके होतात, प्लेटलेटची मोजणी सायट्रेटमध्ये करावी आणि स्मीअर पाहावे.’ ही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकू शकतात, आणि उद्या अपघातात किंवा तापात तुम्हाला रुग्णालयात नेले तर तेथील पहिली नळी जांभळ्या झाकणाचीच असेल. त्या कागदाची एक प्रत घरातल्या माणसाच्या फोनमध्येही असू द्या, कारण त्या वेळी तुम्ही स्वतः सांगण्याच्या स्थितीत असालच असे नाही.